बावन्नातून सत्तावीस

मागच्या ते मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आम्हाला एका शाळेच्या मुलाखत समितीवर बसायचा योग आला. वर्ध्याचा एप्रिल म्हणजे काय ते विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. कूलरचा आवाज इतका की उमेदवाराला प्रश्न दोनदा सांगावा लागे. जागा एकच होती, उर्दू माध्यमाच्या प्राथमिक वर्गांसाठी शिक्षक. उमेदवार नऊ आणि समितीत आम्ही चौघे : संस्थेचे सदर साहेब, सचिव, मुख्याध्यापक आणि ‘विषयातले जाणकार’ म्हणून आम्ही.

चौथ्या क्रमांकावर जी मुलगी आत आली तिला पाहून आम्ही जरा सावरून बसलो. मुलगी म्हणायचं, पण तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई. बोरगाव मेघेत आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून ती राहते आणि घरीच शिकवणी घेते. आमच्या भाचीचा मुलगा तिच्याकडे जातो. मुलं तिला ‘बाजी’ म्हणतात, तेव्हा आपणही इथे बाजीच म्हणू.

दोन महिन्यांआधी भाचीच्या मुलाला आणायला गेलो असताना आम्ही बाजींना शिकवताना पाहिलं होतं. ओसरीत सतरंजीवर आठ-दहा मुलं बसलेली. एका मुलाने पाटीवर ५२ वजा २७ बरोबर ३५ असं लिहिलं होतं. आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? फुली मारली असती किंवा ‘हातचा घ्यायला विसरलास’ म्हटलं असतं. बाजींनी पाटी हातात घेतली आणि म्हणाल्या, “मला करून दाखव, कसं केलंस?” मुलाने सांगितलं, “सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” म्हणजे पोरगं एकेका घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होतं. वर कोण, खाली कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

बाजींनी खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. “हे बावन्न. आता मला सत्तावीस दे.” त्याने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबला. अजून पाच हव्या होत्या, पण हातात सुटी काडी एकही नव्हती. बाजी काही बोलल्या नाहीत. मुलाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर काढला, पाच काड्या दिल्या आणि उरलेलं मोजलं. दोन गठ्ठे, पाच काड्या. पंचवीस. मग बाजींनी त्याला आणखी एक गणित दिलं, ६१ वजा ३८. चूक खरंच गेली की फक्त त्या एका गणितापुरती गेली, हे पाहायला.

बीएड करून आम्हाला वीस वर्षं होत आली. इतका नीट वजाबाकीचा पाठ आम्ही फार थोड्यांचा पाहिला आहे.

आता तीच बाजी कूलरसमोरच्या खुर्चीवर बसली होती. सदर साहेबांनी पहिला प्रश्न इंग्रजीत टाकला, “इंट्रोड्यूस युवरसेल्फ.” बाजींचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि त्या थांबल्या. सचिवांनी विचारलं, “पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?” बाजी म्हणाल्या, “इथेच... म्हणजे, वर्गात.” सचिव हसले. मुख्याध्यापकांनी विचारलं, “मुलं किती? धाकटं कोण सांभाळणार? मिस्टर काय करतात?” ही तीन उत्तरं त्यांनी नीट दिली, पण आवाज खाली गेला तो परत वर आला नाही. आधी येऊन गेलेल्या दोन पुरुष उमेदवारांना त्यांची मुलं कोण सांभाळणार हे कुणी विचारलं नव्हतं, हे आम्हाला नंतर आठवलं. त्या वेळी नाही.

शेवटी आमची पाळी आली. आम्हाला वाटलं, आता हिला सावरून घेऊ. आम्ही विचारलं, “ज्ञानरचनावाद म्हणजे काय? व्याख्या सांगा.” बाजींनी ओठ ओले केले, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, “मॅडम, पाठ केलं होतं, आता आठवत नाही.”

जी गोष्ट तिने ओसरीत आमच्या डोळ्यांदेखत करून दाखवली होती, तिचंच पुस्तकी नाव आम्ही तिला विचारत होतो. नाव आठवलं नाही म्हणून आम्ही कागदावर ‘विषयज्ञान’ या रकान्यात दहापैकी चार गुण लिहिले. व्यक्तिमत्त्व दहा, संवाद दहा, विषयज्ञान दहा, असा तीस गुणांचा तो कागद होता. बाजींना आमच्याकडून अकरा मिळाले. पाठ घेऊन दाखवायची पाळी पहिल्या तिघांनाच मिळणार होती. त्यात त्या नव्हत्या.

आम्हाला ती ठाऊक होती, हे आम्ही समितीत सांगितलंही नाही. वशिला लावला असं कुणी म्हणेल अशी भीती. खरं तर दोन्ही चुकलं. ओळख होती तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती आणि तिच्या मुलाखतीला आम्ही गुण द्यायला नको होते. पण ओळखीच्या भीतीने जास्तच कडक गुण देणं म्हणजे इन्साफ नव्हे.

चार दिवसांनी बाजी घरी आल्या. रडल्या वगैरे नाहीत. एवढंच विचारलं, “मॅडम, मी कुठं कमी पडले? पुढच्या वेळी तयारी करता येईल.” आमच्याकडे उत्तर नव्हतं. ‘आत्मविश्वास’ असं काहीतरी पुटपुटलो. निवड झालेला तरुण वाईट नव्हता, आजही चांगलं शिकवतो. पण त्याला आम्ही कशावरून निवडलं आणि हिला कशावरून नाकारलं, हे आम्हाला स्वतःलाच सांगता येईना. हे आमच्या मनाला फार लागलं.

असा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही येऊन गेला आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या प्रवेशांचा तो खटला, ‘अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब’. लेखी परीक्षा १०० गुणांची आणि तोंडी ५० गुणांची. उमेदवारांची तक्रार होती की तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे. विषयाचं जवळजवळ काहीच नाही. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निकालात एकूण गुणांपैकी एक तृतीयांश गुण तोंडीला ठेवणं मनमानी ठरवलं गेलं आणि अशा प्रवेशात तोंडीला १५ टक्क्यांहून जास्त गुण नसावेत असं सांगितलं गेलं. तोंडी परीक्षेचं टेप रेकॉर्डिंग व्हावं, अशी सूचनाही होती. निकाल आला तो नोव्हेंबर १९८० मध्ये. आमच्या समितीचे प्रश्न आठवा : मिस्टर काय करतात, मुलं किती. एवढी वर्षं लोटली आणि आम्ही तिथेच होतो.

पुढल्या वर्षी त्याच शाळेत आणखी एक जागा निघाली आणि आम्हाला पुन्हा बोलावणं आलं. या वेळी आम्ही अट घातली की प्रश्न आधी लिहून ठरवू. सदर साहेब म्हणाले, “मॅडम, माणूस दारातून आत आला की मला कळतो.” आम्ही म्हटलं, “कळत असेल, पण जो नाकारला जातो त्याला काय सांगायचं?” ते हसले आणि म्हणाले, “ठीक आहे, करून पाहू.”

पहिलं काम आम्ही हे केलं की मागच्या वर्षीचे प्रश्न आमच्याच शाळेतल्या दोन उत्तम शिक्षिकांना विचारले. पाच वर्षांनी कुठे, याचं उत्तर दोघींना देता आलं नाही. तुमची कमजोरी काय, यावर एक म्हणाली, “आता खरं सांगू की मुलाखतीतलं सांगू?” रचनावादाची व्याख्या एकीला आली, आणि ती दोघींतली जास्त चांगली शिक्षिका नाही. जे प्रश्न चांगल्या शिक्षकाला अडवतात आणि पाठांतर करणाऱ्याला सोडतात, त्यांना निवडीचे प्रश्न कसं म्हणायचं? ते सगळे आम्ही बाजूला ठेवले.

मग कागदावर लिहून काढलं की या जागेवरच्या माणसाला पहिल्या महिन्यात खरोखर काय करावं लागेल. मुलाची गणितातली चूक ओळखणं. उर्दू बोलणाऱ्या मुलाला मराठी लिहायला शिकवणं. रागावलेल्या पालकाशी बोलणं. दोन इयत्ता एकत्र बसल्या तर दोघींना काम देणं. चार कामं, म्हणून चार प्रश्न.

पहिला प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. एका कागदावर मुलाच्या अक्षरात लिहिलेलं गणित ठेवलं, ५२ वजा २७ बरोबर ३५. विचारलं, “मुलाने हे कसं केलं असेल? तुम्ही काय कराल?” आणि उत्तराला किती गुण द्यायचे तेही आधीच लिहिलं. ‘चूक आहे, पुन्हा करायला लावीन’ असं उत्तर आलं तर एक गुण. मुलाने मोठ्यातून लहान वजा केलं हे ओळखलं तर तीन. ओळखलं, काड्या किंवा नाणी घेऊन गठ्ठा सोडायला लावला आणि दुसरं गणित देऊन पुन्हा तपासलं, तर पाच.

दुसरा प्रश्न मराठीचा होता. तिसरीतलं मूल ‘शाळा’ला ‘शाला’ लिहितं आणि ‘पाणी’ला ‘पानी’. का, आणि काय कराल? ‘शुद्धलेखन दहा वेळा लिहून घेईन’ याला एक गुण. घरच्या बोलीत ‘पानी’च आहे, उर्दूत ळ आणि ण यांना वेगळी अक्षरं नाहीत, मुलाला फरक ऐकूच येत नाही, हे सांगितलं तर तीन. आधी कानाला फरक ऐकवीन, ‘बाल-बाळ’, ‘मन-मण’ अशा जोड्यांनी, जीभ कुठे लागते ते दाखवीन आणि मग लिहायला लावीन, असं आलं तर पाच.

हे आधी लिहून ठेवण्याचा फायदा आम्हाला त्या दिवशीच कळला. एक उमेदवार फार गोड बोलत होता. चौघांच्याही माना डोलत होत्या. कागद पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्याने मुलाची चूक शोधलीच नव्हती, फक्त ‘प्रत्येक मूल वेगळं असतं’ हे तीन प्रकारे सांगितलं होतं. एक गुण. कागद नसता तर त्याला आम्ही नऊ दिले असते.

बाकी नियम साधे होते. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर उर्दूत द्या, मराठीत द्या, चालेल. दुसरा प्रश्न मात्र मराठीतच, कारण तिथे मराठीच तपासायची होती. प्रश्न कागदावर छापून उमेदवारासमोर ठेवायचा, म्हणजे कूलरच्या आवाजाची भीती नाही. उमेदवार अडला तर प्रत्येकाला एकच मदत : “उदाहरण घेऊन सांगा.” उत्तर संपलं की चौघांनी आपापला गुण लिहायचा आणि मगच तोंड उघडायचं. यातला शेवटचा नियम सगळ्यांत कठीण गेला. सदर साहेब आधी बोलले की बाकीच्यांचे गुण त्यांच्या मागे धावतात. यात कुणाची लबाडी नसते, मोठ्यांच्या शब्दाचं वजनच तसं असतं.

घरच्या चौकशीचं काय करायचं, यावर मुख्याध्यापकांशी वाद झाला. त्यांचं म्हणणंही चूक नव्हतं. शिक्षिका वारंवार गैरहजर राहिली तर वर्ग कोण सांभाळणार? आम्ही म्हटलं, मग घर विचारू नका, काम सांगा. असा प्रश्न तयार झाला : “शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं यावं लागतं, महिन्यातून एका शनिवारी पालकसभेसाठी दुपारपर्यंत थांबावं लागतं. यात काही अडचण?” हा पुरुषांनाही विचारला. एका पुरुष उमेदवाराने सांगितलं की शनिवारी त्याला दुसऱ्या गावी जावं लागतं. तोपर्यंत पुरुषांना अशी अडचण असू शकते हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

तोंडीचे गुणही कमी केले. तीसचे वीस झाले आणि दहा गुण पाठाला गेले. पाठ सगळ्यांसाठी, पहिल्या तिघांसाठी नाही. विषय एकच, आदल्या दिवशी कळवलेला. वेळ पंधरा मिनिटं.

हे सुचायला आम्हाला फार लांब जावं लागलं नाही. बोरगाव मेघेजवळच्या याच वर्धा शहरात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते, त्या वेळी जामिया मिलियाचे प्रमुख. हाताने काम करत करत मुलाने शिकावं, हा त्या योजनेचा गाभा. मुलाने करून दाखवावं म्हणून या गावात एवढा विचार झाला आणि शिक्षक निवडताना मात्र आम्ही व्याख्या विचारत बसलो.

आता सगळं सुरळीत झालं असं समजू नका. नऊ उमेदवारांना चार प्रश्न आणि पाठ म्हणजे दिवस संपून मगरिबची वेळ झाली. दुसरी अडचण म्हणजे पहिला उमेदवार बाहेर गेला आणि त्याने प्रश्न फोडले. पाचव्या उमेदवाराने कागद नीट न पाहताच “गठ्ठा सोडायला लावीन” म्हटलं, तेव्हा आम्हाला कळलं. लगेच दुसरं गणित ठेवलं. एका मुलाने १४ आणि ८ यांची बेरीज ११२ लिहिली आहे, चार आणि आठ बाराचे बारा तसेच खाली आणि एक शेजारी. तपासायचं तेच, हातचा आणि दशक, पण उत्तर ऐकीव चालणार नाही. तरी आधीच्या चौघांना एक गणित आणि नंतरच्या पाचांना दुसरं, हे काही बरोबरीचं झालं नाही. आता आम्ही दोन जोड्या आधीच तयार ठेवतो आणि मुलाखत झालेल्यांना दुसऱ्या दाराने सोडतो. आणि हेही खरं की अशा प्रश्नांनी माणसाचा स्वभाव कळत नाही. सहा महिन्यांनी तो मुलांवर ओरडेल की नाही, हे कुठल्याच कागदावर दिसत नाही.

बाजी आल्या होत्या. या वेळी आम्ही सुरुवातीलाच ओळख सांगितली आणि त्यांच्या वेळी आमचा कागद कोरा ठेवला. तिघांच्या गुणांची सरासरी धरली. गणिताच्या प्रश्नावर त्यांनी विचारलं, “काड्या मिळतील का?” काड्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरची पेन्सिलींची पेटी ओढली आणि सदर साहेबांनाच मूल करून टाकलं. सदर साहेबांनी मुकाट्याने पेन्सिली मोजल्या. तिघांनीही पाच गुण लिहिले.

निवड मात्र त्यांची झाली नाही. पुलगावकडून आलेली एक मुलगी दीड गुणाने पुढे गेली. मराठीच्या प्रश्नात बाजींनी कारण बरोबर सांगितलं, पण उपाय म्हणून शब्द पुन्हा पुन्हा लिहून घेणंच सांगितलं. त्या मुलीने ‘बाळ’ आणि ‘बाल’ म्हणून दाखवलं आणि जिभेचं टोक बोटाने दाखवलं.

बाजी पुन्हा घरी आल्या. तोच प्रश्न. या वेळी आम्ही कागद समोर ठेवला : गणितात पाच, पालकाच्या प्रश्नात चार, दोन इयत्तांच्या प्रश्नात चार, मराठीत तीन. मराठीत का तीन, तेही सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “हे तर शिकता येईल.”

आपल्यातले बरेच जण कुठे ना कुठे असा कागद हातात धरून बसतात. मदरशाच्या कमिटीत, पतसंस्थेत, दुकानात गडी ठेवताना. कापडाच्या दुकानात माणूस ठेवायचा तर त्याला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणू नका. थान द्या, सव्वादोन मीटर कापायला सांगा आणि बिल करायला लावा. आणि ज्यांच्या घरची मुलगी मुलाखतीला निघाली आहे त्यांनी तिला एवढं सांगावं, की व्याख्या आठवली नाही तर गप्प बसू नकोस. “उदाहरणाने सांगू का?” असं विचार. समोर थोडा जरी विचार करणारा माणूस असेल तर तो हो म्हणेल. आम्हाला त्या एप्रिलमध्ये असं कुणी विचारलं असतं तर आम्हीही म्हटलं असतं. निदान आम्हाला तशी आशा आहे.

परवा भाचीच्या मुलाला आणायला पुन्हा त्या ओसरीत गेलो. बाजी एका मुलीसमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि म्हणत होत्या, “नुसतं ऐक. बाल. बाळ. आता सांग, जीभ कुठे गेली?”